दहावीच्या पालक-मेळाव्यात करिअर समुपदेशकांचा परिचय कसा करून द्यावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये मी शिकवतो. दरवर्षी दहावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आम्ही मार्गदर्शनाचा कार्यक्रम ठेवतो, आणि पाहुण्यांचा परिचय करून देण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक याबद्दल फोन करून विचारत असतात. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

परिचय म्हणजे दोन मिनिटांचा उपचार. त्याचा एवढा विचार कशाला?

कारण आपल्याकडे समोर बसलेल्या माणसाला समुपदेशक म्हणजे काय हेच माहीत नसतं. डॉक्टर माहीत आहे, वकील माहीत आहे, तलाठी माहीत आहे. समुपदेशक म्हटल्यावर एखाद्या बापाला वाटतं, हा क्लासवाला असेल. एखाद्या आईला वाटतं, पोरीच्या डोक्यात काही बिघाड आहे म्हणून शाळेनं बोलावलं. आणि पुष्कळांना वाटतं की हा माणूस पोराकडे बघून सांगेल, याला सायन्स द्या, त्याला आयटीआय द्या.

हे तिन्ही गैरसमज मनात घेऊन माणूस बसला, तर पुढचा तासभर पाहुणे काय बोलतात ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. क्लासवाला समजून बसलेला बाप फीचा आकडा कधी येतो याचीच वाट बघत राहतो. म्हणून मी परिचय पाहुण्यांच्या सन्मानासाठी लिहीत नाही. समोरच्या सतरंजीवर, वेचणीची रोजी पाडून आलेल्या बाईच्या मनात जे चाललंय, त्याला उत्तर म्हणून लिहितो. सन्मानासाठी शाल-श्रीफळ आहेच.

मग परिचयात नेमकं काय यायला पाहिजे?

माझ्या मते चारच गोष्टी. हा माणूस कोण आणि आपल्या भागाशी त्याचा काय संबंध. तो इथे का आला, त्याला पैसे कोण देतं आणि तो काही विकायला आला आहे का. आज तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही. आणि पालकांनी प्रश्न कधी, कसे विचारायचे.

दुसरी गोष्ट बोलायला संकोच वाटतो. पाहुण्यांसमोर पैशाची गोष्ट कशी काढायची? पण सभेतला प्रत्येक जण मनात तोच हिशोब करत असतो. मी सरळ सांगतो, "मॅडम कोणत्याही क्लासच्या किंवा कॉलेजच्या वतीनं आलेल्या नाहीत. शाळेनं त्यांना फक्त जाण्यायेण्याचा खर्च दिला आहे. आज इथे कोणालाही एक रुपया द्यायचा नाही." एवढं बोललं की सभेतली कुजबुज थांबते. हे मी दरवर्षी पाहतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी. ती विसरल्यानं काय होतं, ते पुढे एका प्रसंगात सांगितलं आहे.

पाहुण्यांनी दोन पानी बायोडाटा पाठवला आहे. तो वाचायचा का?

नाही. तो तुमच्यासाठी असतो, सभेसाठी नाही. बायोडाट्यात पुरस्कार असतात, परिषदा असतात, शोधनिबंध असतात. त्यातलं काही खोटं नसतं. पण 'राष्ट्रीय परिषदेत शोधनिबंध सादर' हे ऐकून आपल्या पालकांच्या हाती काही लागत नाही. उलट हा माणूस फार मोठा आहे, याला आपला साधा प्रश्न कसा विचारायचा, असं वाटून ते गप्प बसतात. परिचयानं पाहुणे जेवढे उंच जातात, तेवढा पालकांचा हात खाली राहतो.

बायोडाटा मिळाला की मी फोन करतो. दहा मिनिटांचा फोन पुरतो. एका वर्षी अमरावतीहून येणाऱ्या एका मॅडमना मी फोन केला होता. त्यांच्या बायोडाट्यात चौदा ओळींचे सन्मान होते. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः दहावीनंतर काय घेतलं होतं?" त्या म्हणाल्या, "आर्ट्स. घरी सगळे म्हणाले वाया गेली. वडील दारव्हा तालुक्यात शेती करायचे, हॉस्टेलचं परवडणार नव्हतं, म्हणून मामाकडे राहून शिकले." ही गोष्ट बायोडाट्यात कुठेच नव्हती. त्या वर्षीच्या परिचयातली पहिली ओळ तीच झाली.

फोनवर मी साधारण हे विचारतो: तुमचं बालपण कुठे गेलं, दहावीनंतर काय केलं, शाळकरी मुलांसोबत किती वर्षं काम करता, कोणत्या क्लासशी, कॉलेजशी किंवा ॲपशी तुमचा संबंध आहे का, आज किती वेळ बोलणार, आणि कोणत्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देणार नाही. शेवटचा प्रश्न ऐकून काही पाहुणे थबकतात. चांगला समुपदेशक मात्र लगेच सांगतो. त्या मॅडम म्हणाल्या, "एखाद्या मुलाला सभेत पाहून त्याची शाखा मी सांगणार नाही. आणि कोणत्या कॉलेजला टाका, हेही सांगणार नाही."

पदव्या सांगायच्या की नाही?

एक सांगा, आणि तिचा अर्थ सांगा. 'एम. ए. मानसशास्त्र' एवढंच म्हटलं तर मागून आवाज येतो, "म्हणजे येड्यायचे डॉक्टर का?" हे मी खरंच ऐकलेलं आहे, आणि बोलणाऱ्यानं ते चेष्टेत म्हटलं नव्हतं. म्हणून मी म्हणतो, "मुलांची आवड कशात आहे, त्यांना काय जमतं, हे ओळखण्याचं शिक्षण मॅडमनी घेतलं आहे."

करिअर समुपदेशक अशी पाटी लावायला डॉक्टरसारखा वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे कोणीही स्वतःला असं म्हणवू शकतो. पाहुण्यांनी कशाचं शिक्षण घेतलं, हे फोनवर विचारून घेणं परिचय करून देणाऱ्याचं काम आहे. आपण माइकवरून ज्याला समुपदेशक म्हणतो, त्याच्यावर लोक शाळेच्या भरवशावर विश्वास ठेवतात.

समुपदेशक काय करतात, हे खेड्यातल्या पालकांना सोप्या शब्दांत कसं सांगावं?

मी माती परीक्षणाचं उदाहरण देतो. आपल्याकडे बहुतेकांनी ते कधी ना कधी केलेलं असतं किंवा शेजाऱ्याचं पाहिलेलं असतं. वावराच्या चार-सहा ठिकाणची माती घेतो, मिसळतो, त्यातली थोडी पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवतो. अहवाल येतो. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती. तो अहवाल सांगत नाही की तुम्ही पऱ्हाटीच लावा. जमिनीत काय आहे एवढंच सांगतो. काय पेरायचं ते पाणी, पैसा, मजूर बघून घरचे ठरवतात. समुपदेशकाचं तसंच आहे. लेकरात काय आहे आणि पुढे कोणते रस्ते आहेत, ते सांगतील. ठरवायचं लेकरानं आणि तुम्ही.

हे उदाहरण चालतं, पण एका जागी अडतं, आणि ते मी आता मुद्दाम बोलून दाखवतो. वावरातली माती वर्षभरात फारशी बदलत नाही. पंधरा वर्षांचं पोरगं बदलतं. शिवाय आवड वेगळी आणि जमणं वेगळं. कल चाचणीत एखाद्याची आवड यंत्रांकडे दिसली, म्हणजे त्याला गणित झेपेलच असं नाही. काही वर्षं राज्यात सगळ्या दहावीच्या मुलांची कलचाचणी व्हायची, तेव्हा पुष्कळ घरांत तो कागद निकालासारखा वाचला गेला. "कागदावर कला आलं, आता सायन्स कसं घेऊ?" असं एक मुलगी मला रडत विचारत होती. तिचे गणित-विज्ञानाचे गुण वर्गात वरचे होते. कागदानं तिची आवड सांगितली होती, कुवत नाही. हे एक वाक्य परिचयात असलं की पाहुण्यांचं काम हलकं होतं.

परिचय चुकला तर काय होतं? तुमचा काही अनुभव?

आहे, आणि चूक माझीच होती. सुरुवातीच्या वर्षांत मी फार जोरदार परिचय करून द्यायचो. एका सरांबद्दल मी माइकवर म्हणालो, "आज सर तुमच्या मुलांचं भविष्य घडवून देणार आहेत." टाळ्या पडल्या. सर चांगले बोलले, तासभर बोलले. कार्यक्रम संपल्यावर एक शेतकरी मुलाला हाताला धरून पुढे आले. मुलगा मान खाली घालून उभा. वडील म्हणाले, "सर, याले काय कराव लागते ते एका कागदावर लिहून द्या. तुम्ही सांगसान तसं करतो."

सरांनी समजावलं, की असं पाच मिनिटांत सांगता येत नाही, मुलाशी एकट्यानं बोलावं लागेल, त्याचे दोन-तीन वर्षांचे गुण बघावे लागतील, घरची परिस्थिती समजून घ्यावी लागेल. वडील ऐकत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर म्हणले होते भविष्य घडवून देतात म्हणून." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दिवसभराचं काम टाकून आले होते आणि हात हलवत परत चालले होते, एवढंच.

त्या दिवसापासून 'भविष्य', 'दिशा', 'यशाची गुरुकिल्ली' हे शब्द माझ्या परिचयातून गेले. त्यांच्या जागी आले ते दोन साधे भाग: आज काय होईल आणि आज काय होणार नाही.

परिचयाचा एखादा नमुना मिळेल का?

दारव्ह्याकडच्या त्या मॅडमसाठी लिहिलेला परिचय खाली देतो. नाव इथे गाळलं आहे. शब्द दीडशेच्या आतबाहेर आहेत. घाई न करता वाचला तरी दोन मिनिटांच्या आत होतो.

"लेकरांनो, आणि आज घरचं-वावरातलं काम सोडून आलेल्या आईबाबांनो, नमस्कार.

आपल्यासमोर बसलेल्या मॅडम दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात वाढल्या. त्यांचे वडील शेतकरी. दहावीनंतर हॉस्टेल परवडत नव्हतं, म्हणून मामाकडे राहून त्यांनी आर्ट्स केलं. मुलांची आवड आणि कुवत ओळखण्याचं शिक्षण त्यांनी पुढे अमरावतीला घेतलं. गेली अकरा वर्षं त्या शाळेतल्या मुलांसोबत हेच काम करतात.

मॅडम कोणत्या क्लासकडून किंवा कॉलेजकडून आलेल्या नाहीत. आज कोणालाही पैसे भरायचे नाहीत, फॉर्म भरायचा नाही.

आज मॅडम दोन गोष्टी सांगतील. दहावीनंतर कोणकोणते रस्ते आहेत, आणि प्रत्येक रस्त्याला किती वर्षं, किती खर्च आणि कशी मेहनत लागते. ज्यांना पास होण्याची धाकधूक आहे, त्यांच्यासाठीही त्या बोलणार आहेत.

तुमच्या मुलाकडे पाहून त्यानं काय व्हावं, हे मॅडम सांगणार नाहीत. कोणताच चांगला मार्गदर्शक असं पाच मिनिटांत सांगत नाही. ते घरी बसून, मुलाचं ऐकून ठरवायचं आहे. मॅडम त्यासाठी माहिती देतील.

चाळीस मिनिटं मॅडम बोलतील. नंतर प्रश्न. ज्यांना उभं राहून विचारायचं नाही, त्यांनी चिठ्ठी द्या. लिहिता येत नसेल तर जवळच्या लेकराला सांगा, ते लिहून देईल. चिठ्ठीवर नाव टाकू नका. मॅडम, या."

यात पुरस्कार नाही, 'लाभले' नाही, 'आपल्या ओघवत्या वाणीनं' नाही. मॅडमनी नंतर सांगितलं की एवढ्या चिठ्ठ्या त्यांना कुठेच मिळाल्या नव्हत्या.

नापासाच्या भीतीचा उल्लेख परिचयात का? शुभ कार्यक्रमात अशुभ बोलल्यासारखं नाही का वाटत?

वर्गातल्या काही मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या मनात दुसरं काही नसतंच. ते मागे दाराजवळ बसतात. आपण फक्त डॉक्टर-इंजिनिअरचं बोललो तर ते अर्ध्यात उठून जातात. एका विषयात किंवा दोन विषयांत राहिलेल्या मुलाला एटीकेटीनं अकरावीत प्रवेश मिळण्याची सोय आहे, पुरवणी परीक्षा आहे, हे त्यांनी ऐकायला हवं. ते सविस्तर पाहुणे सांगतील. आपल्या परिचयात एकच ओळ पुरे, म्हणजे दाराजवळची माणसं थांबतात.

परिचयातच दहावीनंतरच्या वाटा सांगून टाकल्या तर पाहुण्यांचा वेळ वाचेल ना?

वाचत नाही. आणि चुकीचं सांगण्याचा धोका मोठा आहे. पूर्वी अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रवेशपद्धत नागपूर-अमरावतीसारख्या काही महापालिका क्षेत्रांपुरती होती. खेड्यातली मुलं जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कागदी अर्ज भरायची. 2025-26 पासून ती पद्धत राज्यभर लागू झाली. मी मात्र त्या वर्षी माइकवर जुन्याच सवयीनं "निकाल लागला की तालुक्याच्या कॉलेजात जाऊन फॉर्म भरा" असं बोलून गेलो. पाहुण्यांना आल्या आल्या माझी चूक दुरुस्त करावी लागली, आणि पालकांचा गोंधळ झाला तो वेगळाच. शेवटी चार बाया येऊन मलाच विचारत होत्या, "सर, तुमचं खरं का त्यायचं खरं?"

आयटीआयचंही तसंच. वेल्डर एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, हे आपल्याला पाठ असतं. पण प्रवेशाच्या तारखा, फी, आरक्षित जागा दरवर्षी तपासून घ्याव्या लागतात. ते पाहुण्यांचं आणि नंतर माहिती देणाऱ्या शिक्षकाचं काम. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल यांची माहिती आमचे लिपिक शेवटी वेगळी देतात. तिला समुपदेशकाच्या वेळात घुसवलं की सगळे प्रश्न दाखल्यांचेच येतात.

कोणत्या गोष्टी अजिबात बोलू नयेत?

आमच्या जिल्ह्यात बाहेरून आलेले लोक पहिल्याच वाक्यात 'शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्हा' म्हणतात. परिचय करून देणारेही कळवळ्यानं म्हणतात, "या आत्महत्याग्रस्त भागातल्या मुलांसाठी पाहुणे आले आहेत." समोर बसलेल्यांत ज्या घरात हे घडलं आहे, त्या घरचं लेकरू असू शकतं. माझ्या एका वर्गात होतं. त्या वाक्यानंतर त्यानं वहीवरून मान वर केली नाही. हे वाक्य कृपा करून वापरू नका, आणि पाहुण्यांनाही फोनवर आधी सांगा.

"शेतीत काही राहिलं नाही, शिका आणि बाहेर पडा" हेही नको. समोरचा बाप शेतकरी आहे. पोराच्या देखत त्याच्या कामाला आपण माइकवरून टाकाऊ म्हणतो. शिवाय शेतीशी जोडलेल्या शिक्षणाच्याही वाटा आहेत. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. ज्याला त्या बाजूला जायचं आहे, त्याचा रस्ता आपण सभा सुरू होण्याआधीच बंद करू नये.

मुलांचे गुण सांगणं टाळा. "आमच्या शाळेतली अमुक मुलगी यंदा पंच्याण्णवच्या वर जाणार" असं म्हटलं की ती मुलगी रात्रीपासून जेवत नाही, आणि बाकीच्यांच्या आया घरी जाऊन तिचं नाव घेतात.

पाहुणे खरंच एखाद्या क्लासचे असतील तर?

तर ते सांगा. लपवू नका. क्लासचा माणूस चांगलं सांगू शकत नाही असं नाही. पण लोकांना माहीत असायला हवं. "सर तालुक्याला स्वतःचा क्लास चालवतात. आज ते क्लासबद्दल बोलणार नाहीत, असं आमचं ठरलं आहे." हे वाक्य माइकवर गेलं की पाहुण्यांवरही बंधन येतं.

एकदा मला हे आधी कळलं नव्हतं. समुपदेशक म्हणून परिचय करून दिला, आणि भाषणाच्या शेवटी त्यांच्यासोबत आलेल्या मुलानं पालकांमध्ये रंगीत पत्रकं वाटायला सुरुवात केली. 'आजच नोंदणी केल्यास सवलत.' दोन-तीन घरांनी तिथल्या तिथे पैसे भरले, कारण शाळेनं बोलावलेला माणूस होता. त्यातल्या एकानं तूर विकून आणलेले पैसे दिले होते. पोरानं पुढे आयटीआय घेतलं आणि ते पैसे गेले. म्हणूनच संबंध विचारायचा प्रश्न मी कधी सोडत नाही. पत्रकं वाटायची नाहीत, हेही आता फोनवरच ठरवून घेतो.

कार्यक्रमात परिचय कधी यावा? आमच्याकडे पाहुण्यांचं भाषण सुरू व्हायला दीड तास लागतो.

आमच्याकडेही लागायचा. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, सरपंचांचा सत्कार, शाळा समिती अध्यक्षांचा सत्कार, मग प्रास्ताविक, मग परिचय. अकराचा कार्यक्रम साडेबाराला रंगात यायचा आणि दोनची एसटी धरायची म्हणून बाहेरगावचे पालक दीडला उठायचे. म्हणजे प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आतच.

आता प्रतिमापूजनानंतर सगळे सत्कार एकत्र उरकतो. प्रास्ताविकात फक्त कार्यक्रम का ठेवला एवढंच, पाहुण्यांबद्दल एक शब्द नाही. परिचय अगदी भाषणाच्या तोंडावर, म्हणजे तो ऐकल्या ऐकल्या पाहुणे उभे राहतात. आभार मानणाऱ्याला मी हात जोडून सांगतो की परिचय पुन्हा म्हणायचा नाही. पूर्वी प्रास्ताविक, परिचय आणि आभार या तिन्ही ठिकाणी तोच बायोडाटा वाचला जायचा.

वेळेचंही बोलून ठेवतो. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळचा कार्यक्रम म्हणजे आईची रोजी बुडते. अशा वेळी आम्ही संध्याकाळी ठेवतो, आणि माइकची बॅटरी चार्ज आहे ना ते दुपारीच बघतो. लाइटीचा भरवसा नाही.

परिचय कोणत्या भाषेत? प्रमाण मराठीत की वऱ्हाडीत?

मी लिहितो प्रमाण मराठीत, बोलतो तसं बोलतो. पाहुण्यांबद्दलचं नीट भाषेत, आणि "लिहिता येत नसन तर लेकराले सांगा" हे आपल्या बोलीत. मुद्दाम वऱ्हाडी बोलून लोकांना हसवायला जाऊ नका. मग लोकांना तो करमणुकीचा कार्यक्रम वाटतो.

आमच्याकडे तांड्यावरून येणारे पालक आहेत, कोलाम पोडावरून येणारेही आहेत. काही आजी-आजोबांना मराठी नीट समजत नाही. दोन वर्षांपासून परिचय झाला की त्यातली पैशाची ओळ आणि चिठ्ठीची ओळ, एवढी दोनच वाक्यं एक मुलगी गोरमाटीत आणि एक मुलगा कोलामीत सांगतो. अर्धं मिनिट लागतं. त्या कोपऱ्यातून चिठ्ठ्या यायला लागल्या त्या तेव्हापासून.

नववीच्या विद्यार्थिनीला परिचय करून द्यायला सांगितलं तर चालेल का?

चालेल, चांगलं वाटतं. कागद मोठ्या अक्षरात लिहून द्या, एका ओळीत एकच वाक्य. पाहुण्यांचं नाव तिच्याकडून आदल्या दिवशी दहादा म्हणून घ्या. आडनाव चुकलं की पोरगी घाबरते आणि पुढचं सगळं एका दमात वाचून टाकते. 'काय होणार नाही' हा भाग मात्र शिक्षकानं स्वतः सांगावा. तो मोठ्या माणसाच्या तोंडून आला तरच पालक मनावर घेतात.

पाहुणे ऐनवेळी बदलले तर?

जुना कागद बाजूला ठेवा. नव्या पाहुण्यांना पाच मिनिटं बाहेर नेऊन विचारा: बालपण कुठे, दहावीनंतर काय, कोणत्या क्लासचे का. या तीन उत्तरांवर परिचय उभा राहतो. बाकीचं, म्हणजे पैशाचं आणि चिठ्ठीचं, तेच राहतं.

परिचय जमला की नाही, कसं ओळखायचं?

पहिल्या प्रश्नावरून. पहिला प्रश्न "मॅडम, तुमचा क्लास कुठी आहे जी?" असा आला, तर परिचय फसला. "माह्या पोरानं काय घ्याव?" असा आला, तरी थोडा फसलाच. दारव्ह्याकडच्या मॅडम आल्या त्या वर्षी पहिली चिठ्ठी आली ती अशी: 'मुलगी हुशार आहे. सायन्सचं कॉलेज बावीस किलोमीटरवर. शेवटची बस साडेपाचची. प्रॅक्टिकल उशिरा सुटलं तर काय करायचं?' मॅडमनी त्या एका चिठ्ठीवर दहा मिनिटं घेतली. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या बॅचेस असतात, लवकरची बॅच मागता येते, प्रवेश घ्यायच्या आधी जाऊन बसची वेळ आणि बॅचची वेळ जुळते का ते बघा, मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करा, असं त्यांनी सांगितलं. सभेतल्या निम्म्या आया ते ऐकायला पुढे सरकल्या.

लिहिलेला परिचय पाहुण्यांना आधी दाखवायचा का?

हो, आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यांच्या घरची गोष्ट आपण सगळ्यांसमोर सांगणार असतो, परवानगी पाहिजे. त्या मॅडमना मी पाठवला तेव्हा माझ्या कागदात 'घरच्यांचा विरोध पत्करून' असं एक वाक्य होतं. त्यांनी ते काढायला सांगितलं. म्हणाल्या, "सर, विरोध नव्हता. त्यांना भीती होती. समोर बसलेल्या आईबापांनाही तीच आहे. मी त्यांच्या विरोधात उभी आहे असं वाटायला नको." मी ते वाक्य खोडलं आणि तिथे 'हॉस्टेल परवडत नव्हतं' एवढंच लिहिलं.